खर्चाची तारीख पुढे का सरकते: बाउंडेड रिकॉलची पार्श्वभूमी

समजा एका घरात २० फेब्रुवारीला फ्रिज घेतला. १ जूनला सर्व्हेवाली बाई दारात येते आणि विचारते, मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत घरात कुठली मोठी वस्तू घेतली का. घरातला माणूस क्षणभर विचार करतो आणि सांगतो, हो, फ्रिज घेतला ना, मार्चमध्येच. तो खोटं बोलत नाहीये, वस्तू खरी आहे, किंमतही बरोबर सांगतोय, फक्त तारीख दहा-बारा दिवस पुढे सरकलीय. पण तेवढ्यानं तो फ्रिज या तीन महिन्यांच्या खर्चात जमा झाला आणि असं हजारो घरांत झालं की देशाचा खर्चाचा आकडा फुगतो. याला टेलिस्कोपिंग म्हणतात, दुर्बिणीतून लांबचं जवळ दिसावं तसं. खर्च विसरण्याबद्दल सगळेच बोलतात, म्हणून ते इथे थोडक्यातच घेतो, खरा गुंता या तारखेच्या चुकीचा आहे.

लोकांच्या आठवणीवर आधारलेले खर्चाचे सर्व्हे बरेच जुने, आणि लोक विसरतात हेही आधीपासून माहीत होतं. पण लोक जास्तीचं सांगतात, आणि किती जास्तीचं, हे नीट मोजलं गेलं ते १९६० च्या सुमाराला अमेरिकेत. विषय होता घरमालकांचा दुरुस्तीवरचा खर्च, म्हणजे छप्पर, रंग, नळाचं काम वगैरे. १९६४ साली त्याचा अहवाल छापून आला आणि आजही या विषयात पहिला दाखला त्याचाच देतात. त्यात वेगवेगळ्या घरांना वेगवेगळ्या पद्धतीनं विचारलं होतं, काहींना एका महिन्याचं, काहींना तीन किंवा सहा महिन्यांचं, काहींना आधीच्या भेटीतली यादी समोर ठेवून आणि काहींना यादीशिवाय. एका महिन्याच्या प्रश्नाला यादीशिवाय विचारलं तेव्हा यादीवाल्या पद्धतीपेक्षा कामांची संख्या साधारण ४० टक्क्यांनी जास्त आली आणि खर्चाची रक्कम साधारण ५५ टक्क्यांनी. रक्कम संख्येपेक्षा जास्त फुगली, कारण पुढे सरकणारी कामं मोठी होती. छोटी कामं सरकायच्या आधी विसरूनच जातात. छप्पर बदलल्याचं वर्षभर लक्षात राहतं, नळाचा वॉशर बदललेला पुढच्या महिन्यात कोणाला आठवतो?

यादीवाल्या पद्धतीलाच बाउंडेड रिकॉल म्हणतात. एकाच घरात दोनदा जायचं. पहिल्या भेटीत जे सांगितलं ते लिहून घ्यायचं, पण आकड्यात धरायचं नाही. दुसऱ्या भेटीत सर्व्हेवाली ती यादी घेऊन येते आणि म्हणते, मागच्या वेळी तुम्ही फ्रिज आणि बाथरूमची दुरुस्ती सांगितली होती, ते सोडून त्यानंतर काय काय घेतलं ते सांगा. घरातल्यांनी तरीही फ्रिज म्हटलं की ती विचारते, हा तोच की दुसरा. तोच असेल तर खोडायचा. म्हणजे इथे आठवण सुधारत नाही, माणसाला फ्रिजची तारीख अजूनही नीट माहीत नाहीच, फक्त सीमेपलीकडची वस्तू आत शिरताना दारात अडवली जाते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे बरेच वाद यातूनच झाले.

आता शब्दाचा गुंता. टेलिस्कोपिंग म्हटलं की वाटतं मन जुन्या गोष्टी जवळ ओढतं, आणि पहिली काही वर्षं तसंच समजलं जायचं. शिवाय हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरला जातो, एक म्हणजे काळाच्या बाहेरची वस्तू आत येणं आणि दुसरी म्हणजे आतल्या आतच मार्चची वस्तू मे महिन्यात सांगितली जाणं. दुसऱ्या प्रकारात तीन महिन्यांची बेरीज बदलत नाही, फक्त महिन्यांची वाटणी बिघडते, आणि बाउंडेड पद्धतीचा तिला काहीच उपाय नाही. हे दोन वेगळे न काढता केलेले अभ्यास एकमेकांशी भांडताना दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं पुरावा उलटसुलट आहे, पण मोजलेली गोष्टच वेगळी असते.

१९८० च्या दशकाच्या शेवटी आणखी एक प्रश्न पुढे आला, मन खरंच जवळ ओढतं का. साधा हिशोब करून बघा, हे आकडे फक्त समजायला घेतलेत. दर महिन्यात १०० घरांनी फ्रिज घेतला असं धरू. माणसाची तारखेची चूक मागेपुढे सारखीच होते, कुठल्याच बाजूला कल नाही, फक्त गोष्ट जितकी जुनी तितकी चूक मोठी. चार महिन्यांपूर्वीच्या १०० पैकी २० जण एक महिना पुढची तारीख सांगतात आणि २० जण मागची. तीन महिन्यांपूर्वीच्या १०० पैकी १५ पुढची आणि १५ मागची. प्रश्न गेल्या तीन महिन्यांचा आहे. तर लांबच्या टोकाला २० फ्रिज आत आले आणि १५ बाहेर गेले, आणि जवळच्या टोकाला कोणीच बाहेर जाऊ शकत नाही कारण पुढच्या महिन्यात फ्रिज घेतला असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे ३०० च्या जागी ३०५. मनानं काहीच जवळ ओढलं नाही तरी आकडा फुगला. हाच प्रश्न एका महिन्याचा असता आणि सीमेवर तेवढेच ५ जास्त आले असते तर ते १०० वर ५ झाले असते, टक्क्यांत तिप्पट. म्हणून कालावधी लहान केला की विसरणं कमी होतं पण सीमेवरची गळती टक्क्यांत वाढते, आणि लांबवला की उलट होतं, हे ओढाताणीचं गणित कुठल्याच कालावधीनं सुटत नाही.

माझं मत विचाराल तर ४० टक्क्यांचा फुगवटा फक्त या गणितानं भरून निघेल असं वाटत नाही. दारात आलेल्या माणसाला काहीतरी सांगावं, कामाचं सांगावं, ही इच्छाही त्यात असणार. मोठं काम नुकतंच झालंय आणि प्रश्न नेमका त्याच्याबद्दल आलाय, मग ते दहा दिवस आधी झालं म्हणून गप्प बसायला माणसाला बरं वाटत नाही. त्यात लोक गोल आकड्यात बोलतात, किती दिवस झाले विचारलं की ७, १४, ३०, ६० असंच येतं, ३८ दिवस असं कोणी म्हणत नाही, ते ३० होतं आणि महिन्याच्या आत येतं. उत्तरांचा तक्ता मांडला की याच आकड्यांवर ढीग दिसतात. ढीग दिसले की तारखांवर फार विसंबू नये, हे एका नजरेत कळतं.

दोनदा जायला पैसे लागतात, म्हणून १९८० च्या दशकात स्वस्त उपाय शोधले गेले. एक म्हणजे तारखेऐवजी मोठी घटना धरायची. मे १९८० मध्ये अमेरिकेत ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला होता, त्यानंतर असं घडलं का, हे विचारल्यावर गेल्या सहा महिन्यांत असं विचारण्यापेक्षा पुढे सरकलेल्या गोष्टी कमी आल्या. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, एकाच भेटीत आधी मागच्या महिन्याचं विचारायचं आणि मग चालू महिन्याचं. मागच्या महिन्यातली वस्तू सांगायला जागा मिळाली की ती चालू महिन्यात कोंबायची गरज उरत नाही. पूर्ण बाउंडिंगइतकं पक्कं नाही, कारण मागच्या महिन्याच्या मागचं त्यात येतंच, पण त्या महिन्याचा आकडा वापरायचाच नसतो. त्याच दशकात गरीब देशांतल्या राहणीमानाच्या सर्व्हेंत दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन भेटी ठेवून, मी मागच्या वेळी आल्यापासून काय घेतलंत, असं विचारायची पद्धत आली. इथे पहिली भेटच खूण ठरते आणि ती भेट घरातल्यांना बऱ्यापैकी आठवते.

भारतात १९९९-२००० च्या खर्चाच्या सर्व्हेत एकाच घराला एकाच बैठकीत ७ दिवसांचं आणि ३० दिवसांचं अन्नखर्चाचं शेजारशेजारच्या रकान्यांत विचारलं. आधीच्या प्रयोगांत ही दोन उत्तरं वेगवेगळ्या घरांकडून घेतली होती आणि ७ दिवसांचा आकडा बराच जास्त यायचा. एकत्र विचारल्यावर दोन्ही जवळ आले, कारण एका उत्तरावरून दुसरं जुळवलं गेलं अशी शंका घेतली गेली, आणि त्या वर्षाची गरिबीची तुलना वर्षानुवर्षं वादात राहिली. ७ दिवसांत सीमेवरचं आत येतं की ३० दिवसांत विसरलं जातं, हा वाद नुसते दोन आकडे शेजारी ठेवून मिटणारा नव्हताच. त्यासाठी रोज घरी जाऊन मोजलेली तिसरी बाजू लागते.

आता ज्या निर्णयावर अजून एकमत नाही तो. अमेरिकेच्या ग्राहक खर्चाच्या सर्व्हेत १९८० पासून एका घराला तीन-तीन महिन्यांनी पाच भेटी असायच्या. पहिली फक्त बाउंडिंगसाठी, घरात कुठल्या मोठ्या वस्तू आहेत ते आणि गेल्या एका महिन्याचा खर्च त्यात लिहून घ्यायचे, छापील आकड्यांत मात्र ती धरायची नाही. म्हणजे पाचातली एक मुलाखत, लोकांचा वेळ आणि पगार देऊन घेतलेली, बाजूला ठेवायची. २०१५ पासून ती भेट बंद केली आणि चारच भेटी ठेवल्या. युक्तिवाद असा की तपासण्यांत तिचा उपयोग होतोय असं ठामपणे दिसत नाही आणि खर्च मात्र ठामपणे दिसतो.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पटणारी बाजू आधी. पहिल्या भेटीत फक्त महिन्याभराचं विचारलं तर यादीच अपुरी, आणि जे यादीत आलंच नाही ते अडवणार कसं. पहिल्या भेटीत विसरलेली खुर्ची दुसऱ्या भेटीत आठवली तर ती नवीनच समजून जमा होते. शिवाय लोक शिकतात, हो म्हटलं की पाठोपाठ दहा प्रश्न येतात हे पहिल्या भेटीत कळलं की पुढे नाही म्हणणं सोपं वाटतं. त्यामुळे दुसऱ्या भेटीत आकडा कमी आला तर तो सीमा घातल्यामुळे की लोक कंटाळल्यामुळे, हे नुसत्या दोन भेटींच्या तुलनेवरून सांगताच येत नाही. पण नेमक्या याच कारणामुळे परिणाम दिसत नाही म्हणून परिणाम नाही हेही सिद्ध होत नाही. त्यासाठी १९६० सारखं, काही घरांना सीमा घालून आणि काहींना न घालता, कुठलं घर कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवून, पुन्हा करून बघायला हवं होतं.

आणि सीमा तेव्हाही सगळ्यांना नव्हतीच. तो सर्व्हे पत्त्यावर चालतो, माणसांवर नाही. दोन भेटींच्या मध्ये घर रिकामं होऊन नवीन कुटुंब राहायला आलं तर त्यांची आधीची यादीच नसते, पण त्यांची मुलाखत दुसरी किंवा तिसरी म्हणून आकड्यांत धरली जायची, आणि नवीन घरात आलेलं कुटुंब म्हणजे नेमकं तेच, ज्यानं गेल्या काही महिन्यांत फ्रिज, पलंग, पडदे सगळंच घेतलेलं असतं.