उलट्या, अल्कलोसिस आणि लघवीतलं क्लोराइड

"उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर लघवीत सोडियम कमीच येणार ना?"

नाही. दोन दिवस उलट्या झालेला रुग्ण घ्या. दर लिटरला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये रक्तातलं बायकार्बोनेट 38, लघवीतलं सोडियम 45, क्लोराइड 8. सोडियम पाहून 'पाणी पुरेसं आहे' म्हणाल तर घात होईल. मूत्रपिंड जादा बायकार्बोनेट बाहेर टाकतं, तेव्हा सोडियमही सोबत ओढलं जातं. क्लोराइड मात्र जठररसातून गेलेलं असतं, म्हणून मूत्रपिंड ते धरून ठेवतं. 20च्या खाली क्लोराइड असलेला असा अल्कलोसिस सलाइन आणि पोटॅशियमने सुधारतो.

डाययुरेटिकचा असर असेपर्यंत क्लोराइड जास्त दिसतं, उतरल्यावर घटतं. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली, हे मी आधी विचारतो. अल्डोस्टेरॉन जास्त असेल तर क्लोराइड 20च्या वरच राहतं, रक्तदाबही बहुधा चढलेला असतो, आणि तिथे सलाइनने अल्कलोसिस हटत नाही.