एकोणीस ओळी आणि त्यांच्यामधली जागा

दुकानदारांच्या उधारीच्या अ‍ॅपची सेटिंग्ज स्क्रीन रिव्ह्यूला आली, तेव्हा तिच्यावर एकोणीस ओळी होत्या. प्रत्येकीची उंची ५६ डीपी, अक्षर १६ एसपी आणि दोन ओळींमध्ये या कडेपासून त्या कडेपर्यंत राखाडी रेघ. डीपी हे पडद्यावरच्या जागेचं माप, एसपी हे अक्षरांचं, आणि ते फोनमध्ये निवडलेल्या अक्षरांच्या आकाराबरोबर बदलतं. मधेमधे बारीक करड्या अक्षरांत गटांची नावं होती, पण त्या नावांच्या वर १६ डीपी आणि खालीही १६ डीपी जागा होती. त्यामुळे ‘बिल’ हे शीर्षक वरच्या आठवणीच्या ओळींचं की खालच्या प्रिंटरचं, ते नजरेला कळत नव्हतं. ‘बॅकअप घ्या’च्या लगेच खाली, त्याच वजनाच्या अक्षरांत ‘सगळा हिशेब पुसा’ होतं. मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच जागा.

टीममधला पहिला उपाय होता प्रत्येक गटाभोवती चौकट काढण्याचा. मी आधी जागा बदलू म्हटलं. त्यामागचं कारण थोडं मागे जाऊन सांगावं लागेल.

१९२३ साली माक्स वर्थहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात खिडकीपाशी होते. मी खिडकीत उभा आहे, तर मला उजेडाच्या आणि रंगाच्या तीनशे सत्तावीस छटा दिसतात का? नाही, मला घर, झाडं आणि आकाश दिसतं. पुढे तो साध्या ठिपक्यांवर येतो. ठिपक्यांच्या रांगेत एक अंतर लहान, पुढचं मोठं, पुन्हा लहान असं ठेवलं, की जवळजवळच्या ठिपक्यांच्या जोड्या आपोआप दिसतात. मोठ्या अंतरापलीकडचे ठिपके जोडीने पाहायचा प्रयत्न करून बघा, फार तर क्षणभर जमतं आणि लगेच निसटतं. म्हणजे गट नावामुळे होत नाही. आतलं अंतर आणि बाहेरचं अंतर यांच्यातल्या फरकामुळे होतो. आमच्या शीर्षकाच्या वर-खाली १६ आणि १६ होते, फरक शून्य, म्हणून ते अधांतरी लटकत होतं.

कॉम्प्युटरवर हे नियम वापरायला जागाच कमी होती. १९८४च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ बाय ३४२ पिक्सेलचा. त्याचं कंट्रोल पॅनेल एकाच छोट्या खिडकीत मावायचं आणि त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. डिझायनर सुझन केअर यांच्या चित्रांनी काम भागायचं, कारण मोजक्या सेटिंग्ज होत्या आणि प्रत्येकीचं रूप वेगळं होतं. सेटिंग्ज वाढल्या तशी ही सोय संपली. विंडोज ९५च्या काळातल्या मार्गदर्शक नियमांत बटणांसारख्या दोन कंट्रोलमध्ये ४ एकक आणि खिडकीच्या कडेला ७ एकक जागा सोडायला सांगितली होती. ही एककं पडद्यावरच्या अक्षराच्या मापावरून ठरायची. ४ आणि ७ यांत दुपटीचाही फरक नाही. एवढ्याशा फरकावर गट उभा राहणं कठीण, आणि मला वाटतं त्या काळातल्या डायलॉग खिडक्यांमध्ये नाव लिहिलेल्या चौकटी इतक्या दिसतात त्याचं मोठं कारण हेच. चौकटीही पुरेनात तेव्हा टॅब आले, मग टॅबच्या दोन-दोन रांगा आल्या. मागच्या रांगेतला टॅब दाबला की रांगांची अदलाबदल व्हायची आणि मघाशी पाहिलेला टॅब पुन्हा शोधावा लागायचा.

चौकट मुळात चुकीची नाही. १९९२ साली स्टीफन पामर यांनी दाखवलं, की एका कुंपणात असलेल्या गोष्टी आपण एकत्र धरतो, मग त्या एकमेकींपासून लांब असल्या तरी. म्हणजे चौकट अंतरावर मात करू शकते. पण पाच गटांना पाच चौकटी दिल्या, की नजरेसमोर वीस नव्या कडा येतात आणि त्यांच्या आत आमच्या रेघाही असतात. गर्दी कमी करायला निघालो आणि वाढवून बसलो, असं होतं.

२००७च्या आयफोनने सेटिंग्जच्या ओळी गटागटाने जोडल्या आणि दोन गटांत मोकळी पट्टी सोडली. २०१३च्या आयओएस ७ मध्ये गोल कोपरे गेले आणि गटांची शीर्षकं लहान, करड्या, सगळ्या कॅपिटल अक्षरांत आली. आमच्या स्क्रीनवरची शीर्षकं त्याच वळणाची होती, आणि मराठीत ती तिथेच फसली. देवनागरीला कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजीत आकार लहान केला तरी कॅपिटलमुळे शीर्षक वेगळं ओळखू येतं. आपल्याकडे ते नुसतं बारीक, फिकट वाक्य उरतं. अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी युक्तीही चालत नाही, शिरोरेघ तुकड्यातुकड्यांत तुटते. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने सोडलेली जागा मराठी मजकुरात आणखी कमी वाटते. आपल्या हातात उरतं अक्षराचं वजन, रंग आणि मोकळी जागा.

म्हणून बदल असे केले. दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि लोगो या चार ओळी एकदाच भरायच्या असतात. त्या आतल्या पानावर नेल्या आणि बाहेर दुकानाच्या नावाची एकच ओळ ठेवली. ‘सगळा हिशेब पुसा’ त्याच पानाच्या तळाशी गेलं, लाल रंगात, आणि अ‍ॅपभर लाल फक्त तिथेच. उरल्या पंधरा ओळी. त्यांतल्या तेरांचे चार गट झाले: उधारीची आठवण, बिल, सुरक्षा, भाषा आणि अक्षरं. शीर्षक ठळक, ओळीची उंची २४, वर ३२ आणि खाली ८. गटातल्या रेघा काढून टाकल्या. ‘आठवण पाठवा’ बंद असेल तर दिवस, वेळ आणि मजकूर या तीन ओळी फिक्या होतात, म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे ते लिहून सांगावं लागत नाही. ‘लॉगआउट’ शेवटी, ३२ डीपी सोडून.

याची किंमतही मोजली. आधीच्या एकोणीस ओळींचीच उंची १०६४ डीपी होती, शीर्षकं वेगळी. आता शीर्षकं आणि मोकळी जागा धरून ११२८. म्हणजे आधीच्या नुसत्या ओळींपेक्षा फक्त ६४ डीपी जास्त, एका ओळीहून थोडं अधिक.

तपासायची रीत सोपी आहे. स्क्रीनशॉट इतका धूसर करायचा की एकही शब्द वाचता येऊ नये, आणि मग किती पुंजके दिसतात ते मोजायचं. आधीच्या स्क्रीनचा एकच लांब राखाडी ठोकळा दिसत होता. नव्या स्क्रीनवर वर दुकानाची ओळ, मध्ये चार पुंजके आणि तळाशी लॉगआउट, असं स्वच्छ दिसलं.

एक दोष मात्र फोनमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा केल्यावरच सापडला. अक्षरं एसपीत असल्याने वाढली, जागा डीपीत असल्याने तेवढीच राहिली. चार पुंजके टिकले, पण ‘दर किती दिवसांनी आठवण पाठवायची’ ही ओळ दोन ओळींवर गेली आणि उंची ५६ वर बांधलेली असल्याने दुसऱ्या ओळीतले उकार कापले गेले. ५६ ही ठरलेली उंची न ठेवता किमान उंची करायची आणि मजकुराच्या वर-खाली १६ डीपी कायम ठेवायची, एवढी दुरुस्ती डेव्हलपरकडे गेली आहे.