यकृतातील मेदसंचय (फॅटी लिव्हर)

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबीचे थेंब साचले की त्या स्थितीला मेदयुक्त यकृत म्हणतात. बहुतेकांना त्याचा पत्ता लागतो तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. काहींना मात्र सततचा थकवा आणि उजव्या बरगडीखाली अस्पष्ट जडपणा जाणवतो.

यकृताच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाही. ती जाणवणाऱ्या नसा त्याच्या बाहेरील पातळ आवरणात असतात. चरबीने यकृत फुगले की हे आवरण हळूहळू ताणले जाते. म्हणून कळ येत नाही, नेमके बोट ठेवता येत नाही, फक्त जड वाटते. हा जडपणा आजार किती पुढे गेला हे सांगत नाही. थकव्याचेही तसेच आहे. तो रक्तक्षय, थायरॉइड किंवा अपुऱ्या झोपेनेही येतो, तेव्हा सगळा दोष यकृतावर टाकण्याची घाई करू नये.

मद्यपान हे एक कारण असले तरी न पिणाऱ्यांमध्येही मेदसंचय होतो. त्यामागे बहुधा इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावणे असते. एरवी इन्सुलिन साठ्यातून चरबी बाहेर पडण्याला आवर घालते. तो आवर सुटला की पोटाभोवतीच्या साठ्यातून मेदाम्ले रक्तात येत राहतात, आणि जादा साखरेपासून यकृत स्वतःही चरबी बनवते. ती बाहेर धाडण्याचा वेग कमी पडला की उरलेली पेशीत साठते. काहींच्या बाबतीत पुढे दाह होतो आणि व्रणासारखे तंतू तयार होतात. खरा धोका या तंतूंचा. पण उरलेल्या पेशी काम भागवत असल्याने वर्षानुवर्षे काही कळत नाही.

रक्ततपासणीही फसवते. समजा, ५२ वर्षांच्या व्यक्तीच्या रक्तात यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी दोन एन्झाइम्स, एसजीओटी ४० आणि एसजीपीटी ३६, तर प्लेटलेट १ लाख ६० हजार आहेत. अनेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत हे तिन्ही आकडे ‘नॉर्मल’ ठरतील. तंतूंच्या वाढीचा अंदाज देणाऱ्या फिब-४ या गणितात वयाला एसजीओटीने गुणतात. आलेल्या संख्येला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागतात. येथे २०८० भागिले ९६०, म्हणजे सुमारे २.१७. १.३ पेक्षा कमी आकडा असता तर तंतूंची मोठी वाढ नसण्याची शक्यता अधिक होती. २.६७ च्या वर तो धोक्याचा मानतात. मधल्या आकड्यावरून निदान होत नाही, यकृताचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी करून घ्यावी लागते. पासष्टीनंतर केवळ वयामुळे हा आकडा फुगतो, म्हणून तेथे खालची मर्यादा २ धरतात.

जास्त वजन असलेल्यांनी ते ५ टक्क्यांनी घटवले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. तंतू मागे हटण्यासाठी बहुधा १० टक्के घट लागते. सोनोग्राफीत चरबी दिसेनाशी झाली म्हणजे सुधारणाच झाली असे मात्र नाही. सिरॉसिसपर्यंत, म्हणजे तंतूंनी व्यापून कडक होण्यापर्यंत, पोहोचलेल्या यकृतातूनही ती नाहीशी होऊ शकते.