पगारानंतरची हप्त्याची तारीख: कोणती निवडावी, कधी मागावी आणि बदलून कशी घ्यावी

कर्ज मंजूर झालं की व्याजदरावर घासाघीस होते, प्रोसेसिंग फी कमी करून मागितली जाते. हप्त्याची तारीख मात्र कोणी विचारत नाही. फॉर्मवर ‘5’ छापलेलंच असतं आणि प्रतिनिधी सांगतो, “सगळ्यांची पाचच असते.” पण हप्ता परत जातो, म्हणजे बाउन्स होतो, तो अनेकदा पैसे नाहीत म्हणून नाही, तर पैसे दोन दिवस उशिरा आले म्हणून. ही तारीख बदलून मागता येते. कर्ज चालू असेल तरीही बहुतेक बँका आणि फायनान्स कंपन्या अर्ज घेतात.

आधी हप्ता खात्यातून कसा जातो ते पाहू. हप्ता आपोआप वळता करणारी नॅच ही यंत्रणा एनपीसीआय, म्हणजे भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ, चालवते. आपण एकदा मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी, सही करून देतो किंवा नेटबँकिंग, डेबिट कार्ड, आधार यांपैकी एका मार्गाने ई-मॅन्डेट देतो. त्यानंतर कर्ज देणारी संस्था दर महिन्याला वसुलीची फाइल पाठवते आणि आपली बँक खात्यातून रक्कम वळती करते. यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, हप्ता अर्धवट जात नाही. 9,964 रुपयांचा हप्ता असेल आणि खात्यात 9,900 असतील, तर 64 रुपयांसाठी पूर्ण हप्ता परत जातो. दुसरी, फाइलवर प्रक्रिया अनेकदा सकाळीच होते आणि पगार दुपारी किंवा संध्याकाळी जमा होऊ शकतो. म्हणून पगाराची आणि हप्त्याची तारीख एकच ठेवणं धोक्याचं. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालू असतं. त्यामुळे ‘पाच तारखेला रविवार आहे, हप्ता सोमवारी जाईल’ हा जुना हिशेब आता धरू नये.

तारीख कोणती घ्यायची

पगार ‘साधारणपणे’ कधी होतो हे पाहू नका. गेल्या 12 महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि सर्वांत उशिरा आलेला पगार शोधा. त्यात दोन-तीन दिवस मिळवा आणि त्यानंतरची जी तारीख संस्थेकडे उपलब्ध असेल ती मागा. बऱ्याच संस्थांच्या 2, 5, 7, 10, 15 अशा ठरावीक तारखा असतात, त्यांतूनच निवडावं लागतं.

खासगी नोकरीत मालकाला पगार द्यायला कायद्यानेच सवड आहे. 1936 च्या वेतन कायद्यात हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या आस्थापनेत 10 तारखेपर्यंत मुदत होती. नव्या वेतन संहितेतही मासिक पगारासाठी 7 तारीखच आहे. म्हणजे 5 तारखेचा हप्ता घेणारा माणूस कायद्याने दिलेल्या मुदतीच्याही आधी पैसे भरायचं कबूल करत असतो.

सरकारी नोकरीत घोळ होतो तो एप्रिलमध्ये. केंद्र सरकारचा पगार महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी होतो, पण मार्चचा पगार एप्रिलच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी मिळतो आणि 1 एप्रिलला बँकांचं वार्षिक हिशेबाचं काम असतं. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या शिक्षकांना तर हे सांगायलाच नको. शालार्थ या पगार बिलांच्या ऑनलाइन प्रणालीत बिल वेळेवर गेलं तरी निधी येईपर्यंत पगार थांबतो आणि मार्चचा पगार हमखास रेंगाळतो.

फार पुढची तारीखही घेऊ नये. 20 तारखेचा हप्ता कागदावर सुरक्षित दिसतो, पण तोवर घरभाडं, किराणा, शाळेची फी सगळं उरकलेलं असतं आणि उरलेल्या पैशांतून हप्ता काढावा लागतो. पगार आणि हप्ता यांत तीन ते पाच दिवसांचं अंतर माझ्या मते पुरेसं आहे.

एक हिशेब

समजा एका अनुदानित शाळेतल्या शिक्षिकेने 3,00,000 रुपयांचं वैयक्तिक कर्ज 12 टक्के दराने 36 महिन्यांसाठी घेतलं. हप्ता 9,964 रुपये, तारीख 5. वर्षभराच्या स्टेटमेंटमध्ये त्यांचा पगार बहुतेकदा 3 किंवा 4 तारखेला दिसतो, दोनदा 7 ला आणि एप्रिलमध्ये 12 ला. म्हणजे या तारखेवर तीन हप्ते परत जाण्याची शक्यता. आठ हप्ते भरल्यावर त्या 10 तारीख मागतात. तेव्हा शिल्लक मुद्दल साधारण 2,42,300 रुपये आहे. पाच दिवस पुढे गेल्याचं व्याज 2,42,300 × 12% × 5 ÷ 365, म्हणजे सुमारे 398 रुपये, तेही एकदाच.

आता हप्ता एकदा परत गेला तर काय होतं ते पाहा. कर्ज देणारी संस्था बाउन्स चार्ज घेते आणि आपली बँक मॅन्डेट परत गेल्याचा वेगळा आकार लावते, त्यावर जीएसटी. दोन्हींचे दर संस्थेगणिक वेगळे, पण प्रत्येकी 500 धरले तरी एका फटक्यात हजाराच्या वर जातात. काही संस्था तोच हप्ता त्याच महिन्यात पुन्हा वसुलीला लावतात. तेव्हाही पैसे नसतील तर तोच आकार दुसऱ्यांदा.

यातलं एक दुष्टचक्र लोकांच्या लक्षात येत नाही. खात्यात पैसे नसताना बँकेचा आकार थकीत राहतो आणि पुढचा पगार जमा झाल्याबरोबर आधी तो कापला जातो. आपण हप्त्यापुरतीच रक्कम मोजून ठेवली असेल, तर तेवढ्या कपातीने पुढचा हप्ताही परत जातो. पासबुकात नॅचच्या वसुलीपुढे ‘ACH’ असं लिहिलेलं असतं; त्या नोंदीपाशी रक्कम गेलेली आणि लगेच परत आलेली दिसली, किंवा रिटर्न चार्जची नोंद दिसली, तर पुढच्या हप्त्याला तेवढे पैसे जास्तीचे ठेवा.

10 तारखेनेही एप्रिलचा प्रश्न सुटत नाही, कारण तेव्हा पगार 12 ला आला होता. अशा एका महिन्यासाठी तारीख 15 करण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच एका हप्त्याची रक्कम त्या खात्यात बाजूला ठेवणं सोपं.

नवं कर्ज घेताना

तारीख मागायची ती मॅन्डेटवर सही करण्याआधी. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि फायनान्स कंपन्यांना मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं लागतं, म्हणजे मराठीत मागता येतं. त्यात परतफेडीचं वेळापत्रक आणि उशिरा भरल्यास लागणारे आकार दोन्ही असतात. सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जाला हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहतं, त्यामुळे “आजच सही करा” या घाईला भीक घालायची गरज नाही.

पुढची तारीख घेतली की सुरुवातीचं जादा दिवसांचं व्याज थोडं वाढतं. वरचंच कर्ज 18 जुलैला हातात आलं आणि पहिला पूर्ण हप्ता सप्टेंबरमध्ये असेल, तर 5 तारखेच्या हिशेबाने 5 ऑगस्टपर्यंत 18 दिवसांचं व्याज 1,775 रुपये होतं आणि 10 तारखेच्या हिशेबाने 23 दिवसांचं 2,268. फरक 493 रुपयांचा. हे व्याज वेगळं घेणार की कर्जाच्या रकमेतून कापणार, ते आधी विचारा. कापणार असतील तर हातात तीन लाख पूर्ण येणार नाहीत.

चालू कर्जाची तारीख बदलताना

पात्रतेची पहिली अट बहुतेक ठिकाणी एकच असते: हप्ता थकलेला नसावा. थकीत असेल तर आधी तो आणि त्यावरचे आकार भरून खातं नियमित करावं लागतं. काही संस्था सुरुवातीचे काही हप्ते भरल्याशिवाय अर्ज घेत नाहीत आणि पूर्ण मुदतीत एकदाच बदल देतात. म्हणून नोकरी बदलायच्या बेतात असाल तर नव्या पगाराच्या तारखा दोन-तीन महिने पाहूनच अर्ज करा. पतसंस्थेचं किंवा पगारदार सोसायटीचं कर्ज असेल आणि हप्ता थेट पगारातून कापला जात असेल, तर हा सगळा प्रश्नच येत नाही.

कागदपत्रं थोडीच लागतात. कर्ज खाते क्रमांकासह सही केलेला अर्ज, ओळखपत्र, पगार कधी जमा होतो ते दाखवणारं तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि अलीकडची पगार चिठ्ठी. खातंही बदलत असेल तर नव्या खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि नवं मॅन्डेट. सहकर्जदार असेल तर त्याची सही मागतात. अर्जात मोघम लिहू नका. एवढा मजकूर पुरतो:

“माझ्या कर्ज खाते क्र. ____ चा मासिक हप्ता सध्या 5 तारखेस वळता होतो. माझा पगार गेल्या वर्षभरात बहुतेक महिने 3 ते 7 तारखेदरम्यान जमा झाला आहे (स्टेटमेंट सोबत). कृपया हप्त्याची तारीख ____ महिन्यापासून 10 करावी. बदलामुळे येणारे व्याज व शुल्क लेखी कळवावे आणि सुधारित परतफेड वेळापत्रक द्यावे.”

अर्ज शाखेत देऊन पोच घ्या, किंवा संस्थेच्या ग्राहक सेवा ईमेलवर पाठवून तक्रार किंवा विनंती क्रमांक जपून ठेवा. वसुलीची फाइल हप्त्याच्या काही दिवस आधीच तयार होते, म्हणून पुढच्या हप्त्याला पंधरा दिवस असताना अर्ज दिलेला बरा. लेखी होकार येईपर्यंत जुन्या तारखेलाही पैसे तयार ठेवा. फोनवर “झालं तुमचं काम” म्हणाले म्हणून खातं रिकामं केलं आणि जुन्याच तारखेला हप्ता परत गेला, असं वारंवार घडतं.

नवं मॅन्डेट दिलं असेल तर जुनं रद्द झालं का ते बघा. प्रत्येक मॅन्डेटला यूएमआरएन हा क्रमांक असतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत तो दाखवून कोणतं चालू आहे ते विचारता येतं. दोन्ही चालू राहिली तर एका महिन्यात दोनदा वसुली लागण्याचा धोका असतो. नव्या मॅन्डेटची सुरुवातीची तारीख नव्या पहिल्या हप्त्याच्या आधीची आहे ना, हेही तपासा.

सुधारित वेळापत्रक हातात आलं की तीन आकडे जुन्या वेळापत्रकाशी ताडून बघा: हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख. तारीख पाच दिवसांनी सरकली तर शेवटचा हप्ताही पाचच दिवसांनी सरकायला हवा. एक अख्खा हप्ता वाढलेला दिसला, तर तो कशाचा ते लेखी विचारा. संस्थेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. तिथे पोच घेतलेला अर्ज, दोन्ही वेळापत्रकं आणि पगाराची नोंद असलेलं स्टेटमेंट जोडा.