डाळीतलं प्रोटीन ‘अर्धवट’?

“डाळ-भातातलं प्रोटीन अर्धवट असतं. अंडी सुरू केल्याशिवाय पोराच्या मांड्यांत ताकद यायची नाही.”

सर, माझ्या मुलाला कबड्डी शिकवताना तुम्ही हे म्हणालात. पण प्रोटीनच्या घटकांपैकी डाळीत मेथिओनाइन कमी असतं, तांदूळ-गव्हात लायसिन. दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. एकाच ताटात नसली, तरी दिवसभरात खाल्ली म्हणजे पुरे.

कमी पडू शकतं ते प्रमाण, आणि तिथे तुमची काळजी रास्त आहे. वरणाच्या पातळ पाण्यावर कबड्डी होत नाही. त्याचं वजन 55 किलो. किलोमागे 1.4 ग्रॅम धरलं तर 77 ग्रॅम प्रोटीन हवं. दोन पेले दुधातून 16, चार पोळ्यांतून 13, मूठभर मटकीच्या घट्ट उसळीतून 12, तीस ग्रॅम सोयाबीन वड्यांतून 15, फुटाणे-शेंगदाण्यांतून 17. उरलेलं दही-भात भागवतो.

उसळ मात्र सरावाच्या तोंडावर नको, चढाईत पोट जड होतं. सरावाच्या दीड तास आधी पोहे देते, वर लिंबू पिळून. सराव संपल्यावर अर्ध्या तासात त्याला फुटाण्यांची पुडी खाऊ द्याल का? बी-12 साठी दूध-दही आहेच, तरी यंदा रक्त तपासून घेतेय.