दोनच्या आधी दहा: शेकडो फोटोंची एक पीडीएफ करताना पानांचा क्रम का बिघडतो

जुन्या पुस्तकाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून त्यांची एक पीडीएफ केली, की बहुतेकांना पहिला धक्का बसतो तो क्रमाचा. पान 1 नंतर पान 10, मग 100, 101, 102 अशी रांग लागते आणि पान 2 कुठेतरी शंभरेक पानांनंतर सापडते. खरे तर इथे संगणकाने काहीही चुकवलेले नसते. फाइलचे नाव त्याच्या लेखी मजकूर असतो, संख्या नसते. शब्दकोशात जसे शब्द लागतात तशीच तो नावे लावतो: डावीकडून एकेक अक्षर पाहायचे आणि जिथे फरक दिसेल तिथे निकाल द्यायचा. `p10.jpg` आणि `p2.jpg` यांत `p` सारखाच आहे, पुढे 1 आणि 2 यांची गाठ पडते. 1 या चिन्हाचा संकेतांक 49 आहे आणि 2 चा 50, म्हणून दहा आधी. पुढे शून्य आहे की नाही, हे बघायची वेळच येत नाही.

घोळ वाढतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या यादीमुळे. विंडोज किंवा मॅकची फोल्डरची खिडकी नावातले आकडे ओळखून 2 नंतरच 10 दाखवते. त्यामुळे आपली खात्री पटते की क्रम बरोबर आहे. पण पीडीएफ करणारा प्रोग्रॅम त्या खिडकीला विचारत नाही, तो नावांची यादी स्वतः अक्षरवार लावून घेतो. देवनागरी आकड्यांत नावे दिली तरी सुटका नाही. `पान१०` हे `पान२` च्या आधीच लागते, आणि लिनक्सच्या `sort -V` सारख्या आकडे ओळखणाऱ्या आज्ञांनाही फक्त 0 ते 9 ही चिन्हेच कळतात.

यावरचा खात्रीचा उपाय साधा आहे: प्रत्येक क्रमांक सारख्याच लांबीचा करायचा. `p002` आणि `p010` यांत अक्षरांचा क्रम आणि संख्यांचा क्रम एकच होतो, मग कोणताही प्रोग्रॅम कशीही तुलना करो. हजारापेक्षा कमी पाने असतील तर तीन आकडे पुरतात.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. 240 पानांचे पुस्तक आहे आणि कॅमेरा एकच, स्टँडवर बसवलेला. अशा वेळी पान उलटताना दर खेपेला पुस्तक सरकवण्यापेक्षा आधी सगळी उजवी पाने टिपणे सोयीचे पडते: 1, 3, 5 करत 239 पर्यंत. मग पुस्तक शेवटालाच उघडे असते, म्हणून डावी पाने मागून पुढे येतात: 240, 238 करत 2 पर्यंत. उजव्यांचे फोटो `uj` फोल्डरमध्ये आणि डाव्यांचे `da` मध्ये ठेवू. कॅमेऱ्याने दिलेली `DSC_0101` सारखी नावे सारख्या लांबीची असल्याने प्रत्येक फोल्डरमधला क्रम शाबूत असतो. फक्त दोन रांगा एकमेकींत गुंफायच्या आहेत. त्यासाठी लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये ही आज्ञा चालवायची:

```
n=1
for f in uj/*.JPG; do
  cp "$f" "$(printf 'p%03d.jpg' $n)"
  n=$((n+2))
done
```

डाव्या पानांसाठी हेच पुन्हा चालवायचे. फक्त `uj` च्या जागी `da`, सुरुवात `n=240` आणि शेवटी `n-2`. `cp` ने प्रत तयार होते, मूळ फोटो जागेवर राहतात. नाव बदलण्याच्या कामात मूळ फाइलला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

पण त्याआधी पाने सुलटी करून घ्यावी लागतात. फोटो उभा की आडवा हे कॅमेरा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ठरवतो आणि फोटोसोबत एक छोटी नोंद ठेवतो. टेबलाकडे सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला गुरुत्वाकर्षण भिंगाच्याच दिशेने ओढत असते, तेव्हा वरची बाजू कोणती हे त्याला कळायला मार्गच नसतो. परिणामी मधेच एखादे पान आडवे येते. म्हणून `exiftool` या प्रोग्रॅमने ती नोंद बदलून प्रत्येक फोल्डरला आपापली एकच दिशा द्यावी:

```
exiftool -Orientation#=6 uj/*.JPG
```

इथे 6 म्हणजे उजवीकडे पाव वळसा, 8 म्हणजे डावीकडे, 3 म्हणजे उलटे आणि 1 म्हणजे आहे तसे. चित्राला धक्का लागत नाही, फक्त नोंद बदलते.

आता जोडणी. इथे प्रोग्रॅमची निवड महत्त्वाची आहे. इमेजमॅजिकसारखा सर्वसाधारण प्रोग्रॅम प्रत्येक फोटो उलगडून स्मृतीत मांडतो. 4000 गुणिले 3000 बिंदूंच्या एका फोटोला, दर बिंदूमागे 8 बाइट धरले, तरी 96 मेगाबाइट लागतात. 240 फोटोंचे तेवीस गिगाबाइट होतात. मग संगणक गुदमरतो किंवा `cache resources exhausted` म्हणून काम थांबते. शिवाय फोटो पुन्हा दाबला जाऊन अक्षरांच्या कडा आणखी मळकट होतात. या उलगडण्याची मुळात गरजच नाही. जेपेग फोटो जसाच्या तसा सामावून घेण्याची सोय पीडीएफमध्ये आहे, आणि `img2pdf` तेवढेच करतो:

```
img2pdf --pagesize A4 -o granth.pdf p*.jpg
```

`--pagesize` दिले नाही तर पानाचा आकार फोटोतल्या डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात किती बिंदू याच्या, नोंदीवरून ठरतो. ती नोंद अनेकदा 72 असते आणि 4000 बिंदूंचे पान सुमारे 55 इंचांचे होऊन बसते. फोटो न दाबता जोडले गेले का, हे आकारावरून कळते. पीडीएफचे वजन सगळ्या फोटोंच्या बेरजेएवढेच भरायला हवे. बरेच कमी भरले तर मधे कुणीतरी चित्रे दाबली आहेत.

आता तपासणी, आणि ती मोजणीपासून सुरू होते. समजा उजव्या फोल्डरमध्ये 120 ऐवजी 119 फोटो निघाले. एक पान निसटले आहे, पण कोणते? डावी पाने बरोबर आहेत, निसटलेल्या जागेपासून पुढची उजवी मात्र दोनने सरकली आहेत. म्हणून मधोमध जायचे. `p121` उघडला तर त्यावर छापील 123 दिसते, म्हणजे गडबड आधीची. `p061` वर 61 आहे, म्हणजे गडबड नंतरची. असे अर्धे अर्धे करत गेले की जास्तीत जास्त सात वेळा उघडून जागा सापडते, कारण सात वेळा निम्मे केल्यावर 120 पाने एकावर येतात. इथे `p105` बरोबर आणि `p107` वर छापील 109 निघाले. म्हणजे 107 वे पान टिपलेच नव्हते. ते पुन्हा टिपायचे, पण कॅमेरा त्याला अगदी शेवटचा क्रमांक देईल. 105 व्या पानाचा फोटो `DSC_0153` होता, तेव्हा नव्याला `DSC_0153a.JPG` नाव देऊन `uj` मध्ये टाकायचे, त्याची दिशाही इतरांसारखी करायची आणि क्रमांक देण्याची व जोडणीची आज्ञा पुन्हा चालवायची.

ही पद्धत एका ठिकाणी फसते. एक पान निसटले आणि पुढे दुसरे एक चुकून दोनदा टिपले गेले, तर मोजणी बरोबर 120 भरते आणि शेवटचे पानही जुळते. चूक फक्त त्या दोन जागांच्या मधल्या पानांत राहते, आणि अर्धे करताना आपण नेमके तिथे उतरूच असे नाही. त्यासाठी पीडीएफ वाचकात पानांची छोटी चित्रे उघडून, कोपऱ्यातले छापील आकडे एकदा शेवटपर्यंत नजरेखालून घालावेच लागतात.