साचा-जुळवणी : प्रसामान्यित परस्पर सहसंबंध

मोठ्या चित्रात ठरावीक आकृती कुठे आहे हे शोधण्याची संगणकीय पद्धत. आकृतीचा छोटा तुकडा, म्हणजे साचा, मोठ्या चित्रावर एकेक पिक्सेल सरकवत नेतात आणि प्रत्येक जागी साचा व त्याच्याखालचा चित्राचा तेवढाच भाग, म्हणजे खिडकी, किती जुळतात याचा एक आकडा काढतात. सर्वांत मोठा आकडा जिथे येतो तिथे आकृती आहे असे धरतात. आकडा कशा प्रकारे काढला यावरच निकालाचा भरवसा ठरतो. प्रस्तुत नोंदीत असमान उजेडात काढलेल्या चित्रांचा प्रश्न मुख्य मानला आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात जुन्या घराण्यांकडे व देवस्थानांकडे मोडी कागद बरेच आढळतात. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आज बेळगाव शहरात मोडणारे शहापूर सांगली संस्थानात होते. या कागदांची छायाचित्रे बहुधा घरातच, खिडकीच्या उजेडात घेतली जातात. पानाची एक बाजू उजळ आणि शिवणीकडची काळोखी येते. हाताने लिहिलेले मोडी अक्षर दर वेळी वेगळे वळण घेते, म्हणून ते या पद्धतीला फारसे मानवत नाही. एकाच ठशाने उमटवलेली मुद्रा किंवा मोर्तब मात्र पानोपानी सारखेच असते, आणि तेच शोधण्यासाठी पद्धत खरी उपयोगी पडते.

साध्या सहसंबंधात साच्यातील व खिडकीतील समोरासमोरच्या पिक्सेलांचा गुणाकार करून बेरीज घेतात. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरून तीन पिक्सेलांचा साचा घेऊ : २००, ५०, २००. दोन्हीकडे कागद आणि मध्ये मुद्रेच्या कडेची शाई. त्याच उजेडात हुबेहूब मुद्रा सापडली तर बेरीज ८२,५०० येते. शिवणीच्या सावलीत उजेड निम्मा झाला असेल तर तीच मुद्रा १००, २५, १०० अशी दिसते व बेरीज ४१,२५० वर उतरते. आता पानाच्या उजळ बाजूचा कोरा कागद पाहावा : २२०, २२०, २२०. त्याची बेरीज ९९,००० येते. कोऱ्या कागदाने सावलीतल्या मुद्रेलाच नव्हे, हुबेहूब मुद्रेलाही मागे टाकले. या मोजणीत आकार फार थोडा मोजला जातो. खिडकीतला भाग किती उजळ आहे हेच मुख्यतः मोजले जाते. म्हणून पानावर उजेड बदलत गेला की सर्वांत मोठा आकडा सर्वांत उजळ कोपऱ्याकडे सरकतो.

उपाय दोन टप्प्यांचा आहे आणि त्यालाच प्रसामान्यित परस्पर सहसंबंध म्हणतात. आधी साचा व खिडकी या दोहोंतून आपापली सरासरी वजा करावी. मग आलेल्या बेरजेला दोहोंच्या चढउताराच्या मापाने भागावे :

```
r = Σ(I − m)(T − t) / sqrt( Σ(I − m)² · Σ(T − t)² )
```

येथे `I` हे चित्र, `T` हा साचा, `m` ही त्या जागेपुरती खिडकीची सरासरी आणि `t` ही साच्याची सरासरी. `m` दर जागी नव्याने काढावी लागते. साऱ्या पानाची एकच सरासरी वापरली तर उजेडाचा परिणाम पुरता जात नाही. वरच्या उदाहरणात साच्याची सरासरी १५०, म्हणून फरक ५०, −१००, ५०. सावलीतल्या मुद्रेची सरासरी ७५ आणि फरक २५, −५०, २५. वरची बेरीज ७,५००, खालचे वर्गमूळही ७,५००, म्हणून `r` बरोबर १. खिडकीतील प्रत्येक पिक्सेल एकाच धन संख्येने गुणला गेला किंवा त्यात एकच संख्या मिळवली गेली, तरी `r` बदलत नाही. शाई व कागद यांचा उजेड उलटा झाला, म्हणजे गडदावर फिकट मुद्रा आली, तर तो −१ होतो.

पहिला टप्पा गाळून केवळ भागाकार करणारा प्रकारही प्रचलित आहे. त्यात वरच्या कोऱ्या कागदाला सुमारे ०·९० मिळतात. मुद्रा पहिली येते खरी, पण साऱ्या पानाचे आकडे १ च्या जवळ दाटतात आणि निवडीची मर्यादा ठरवणे अवघड होते. ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रियेच्या आज्ञावली-संचात हा प्रकार `TM_CCORR_NORMED` आणि सरासरी वजा करणारा प्रकार `TM_CCOEFF_NORMED` या नावाने आहे. कागदपत्रांसाठी दुसराच घ्यावा.

सूत्राचे मूळ संख्याशास्त्रात आहे; ते बहुधा पिअर्सन यांच्या नावे सांगतात. ब्राव्हे यांचे १८४६ चे गणित आणि गॉल्टन यांचे १८८८ चे काम त्याआधीचे. पिअर्सन यांनी १८९६ मध्ये ब्राव्हे यांना श्रेय दिले होते, १९२० मध्ये मात्र ते मागे घेतले. ब्राव्हे यांच्याकडे गुणाकारांची बेरीज येते, पण दोन राशींच्या संबंधाचे माप म्हणून ती येत नाही. त्यामुळे पिअर्सन यांचे नंतरचे मत अधिक पटणारे वाटते. चित्रांसाठीचा वापर साधारणपणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. दर जागी सरासरी काढण्याचा खर्च हा त्यातील मोठा अडसर होता. क्रो यांनी १९८४ मध्ये संगणकीय चित्रणासाठी मांडलेल्या क्षेत्र-बेरीज सारणीत प्रत्येक जागी चित्राच्या एका कोपऱ्यापासून तिथपर्यंतची बेरीज नोंदलेली असते, त्यामुळे कोणत्याही आयताची बेरीज चार नोंदींतून मिळते. पिक्सेलांची एक आणि त्यांच्या वर्गांची एक अशा दोन सारण्या केल्या की खालची बाजू स्वस्त होते. साच्यातून सरासरी आधीच वजा केली असेल तर त्याची बेरीज शून्य होते, वरच्या बाजूतून `m` आपोआप गळते आणि ती बाजू जलद फूरिये रूपांतराने काढता येते. ही सांगड १९९५ मध्ये लुइस यांनी मांडली.

येथे एक बारीक सापळा आहे. १ कोटी २० लाख पिक्सेलांच्या छायाचित्रात वर्गांची बेरीज ७८,००० कोटींपर्यंत जाऊ शकते. ३२-बिट पूर्णांकात सुमारे ४२९ कोटीच मावतात. ३२-बिट दशांश संख्या वापरल्यास मोठ्या बेरजांच्या वजाबाकीत छोटा फरक हरवतो आणि खिडकीचे वर्ग-विचलन खऱ्याहून कमी, कधी ऋणही निघते. परिणामात १ पेक्षा मोठे `r` दिसू लागले तर बहुधा हेच घडलेले असते. सारण्या ६४-बिटमध्ये ठेवाव्यात.

भागाकाराची किंमत कोऱ्या कागदावर मोजावी लागते. २२१, २१८, २२१ ही खिडकी म्हणजे कॅमेऱ्याचा किरकोळ खरखरीतपणा. तिचे फरक १, −२, १ आणि `r` पुन्हा बरोबर १. अगदी सपाट खिडकीत तर शून्याला शून्याने भागावे लागते. हजारो पिक्सेलांच्या साच्यात निव्वळ योगायोगाने इतका मोठा आकडा येत नाही, लहान साच्यात येतो. यावर उपाय प्रमाण विचलनाची किमान मर्यादा हा आहे : वरच्या कोऱ्या खिडकीचे प्रमाण विचलन सुमारे १·४ आहे, सावलीतल्या मुद्रेचे सुमारे ३५. मर्यादा १० ठेवली तरी पहिली गळते आणि दुसरी टिकते.

सावलीची कड मुद्रेच्या मधूनच गेली असेल तर मात्र सूत्र हतबल होते. २००, ५०, १०० अशा खिडकीला सुमारे ०·७६ मिळतात, कारण तिच्यातील सर्व पिक्सेल एकाच संख्येने गुणले गेलेले नसतात. शाई ठिपक्याठिपक्याने उमटलेली असेल तेव्हाही असेच होते. तिरपी उमटलेली मुद्रा हा वेगळा प्रश्न : साचा थोड्याथोड्या कोनांत फिरवून त्यांचा संच करावा लागतो व प्रत्येक जागी सर्वांत मोठा `r` घ्यावा लागतो. छायाचित्र कमी-अधिक अंतरावरून घेतले असेल तर मापांचाही असाच संच लागतो. खऱ्या जुळणीभोवती `r` चे अरुंद, उंच शिखर दिसते आणि पानावरील पुढचे वेगळे शिखर त्याहून बरेच खाली असते. दोन्ही जवळपास सारखी आली तर मूळ पान डोळ्यांनी पाहावे.